'ईएमआय' म्हणायचं की 'हप्ता'? मराठी स्लाइडमध्ये इंग्रजी किती, हे ठरतं कसं?

6 जून 2025. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी रेपो रेटमध्ये अर्ध्या टक्क्याची कपात जाहीर केली आणि रेपो रेट 5.50 टक्क्यांवर आला. अशी बातमी आली की मराठी पेजेसच्या डेस्कवर धावपळ सुरू होते. इन्स्टाग्रामसाठी चार-पाच स्लाइड्स तासाभरात लागतात आणि वाचणारा असतो पुण्या-मुंबईतला, नुकतंच घर घेतलेला पंचविशी-तिशीतला तरुण. त्याला हे कोणत्या मराठीत सांगायचं?

एक पर्याय असा: "रेपो दरात अर्ध्या टक्क्याची कपात, अस्थिर व्याजदराच्या गृहकर्जधारकांना दिलासा."

दुसरा असा: "आरबीआयने रेपो रेट 50 बेसिस पॉइंट्सने कट केलाय, सो तुमचा होम लोन ईएमआय रिड्यूस होणार!"

पहिला सरकारी पत्रकासारखा वाटतो, दुसरा कॉलेजच्या कट्ट्यावरचा. पण दोन्हींची खरी अडचण वेगळीच आहे. यातलं कोणतंही वाक्य वाचून त्या तरुणाला आता नेमकं काय करायचं, हे कळत नाही.

टक्केवारी मोजून का भागत नाही?

'दहा शब्दांत दोनच इंग्रजी' असा नियम सोपा वाटतो. पण मराठी शब्द कोणता आणि परका कोणता, इथेच तो अडखळतो. वरच्या बातमीत हमखास येणारे 'कर्ज', 'हप्ता' आणि 'मुदत' हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. आज ते कुणालाच परके वाटत नाहीत. 'बँक' इंग्रजीतून आला, तरी आपण 'बँका', 'बँकेत', 'बँकेचा' असं सहज म्हणतो. म्हणजे शब्द कुठून आला यापेक्षा वाचकाला तो रोज कुठे भेटतो, हे बघावं लागतं.

होम लोनवाल्या वाचकाच्या बाबतीत याचं उत्तर त्याच्या फोनमध्येच आहे. बँकेचा मेसेज येतो 'ईएमआय' कापल्याचा. ॲपमध्ये कर्जाच्या मुदतीच्या जागी 'टेन्युअर' असतं. करारावर 'फ्लोटिंग' लिहिलेलं असतं. हे शब्द स्लाइडमधून काढले तर भाषा नेटकी होईल, पण ॲप उघडल्यावर वाचकाला आपल्या कामाची ओळ सापडणार नाही. 'अस्थिर व्याजदर' वाचलेल्या माणसाला करारावरचं 'फ्लोटिंग' म्हणजे तेच, हे कसं कळणार?

'बेसिस पॉइंट'चं मात्र उलट आहे. 50 बेसिस पॉइंट म्हणजे अर्धा टक्का. हा शब्द वाचकाला कुठे दाबायचा नाही की कुणाला विचारायचा नाही. 'अर्धा टक्का' लिहिलं की काम झालं. 'कट', 'सो' आणि 'रिड्यूस' यांचंही तसंच. त्यांनी नवी माहिती येत नाही, फक्त सूर बदलतो.

मग 'हप्ता' का नको?

मराठी शब्द उपलब्ध आहे, सगळ्यांना कळतो, तरीही अडचण असू शकते. 'हप्ता कमी होणार' हे मोठ्या अक्षरांत पहिल्या स्लाइडवर आलं, तर अनेकांना आधी टपरीवाल्याकडून वसूल होणारा हप्ता आठवेल. बँकेचा मेसेजही 'ईएमआय'च म्हणतो. म्हणून इथे 'ईएमआय' बरा.

पण एकदा तो घेतला की शेवटच्या स्लाइडपर्यंत तोच ठेवावा लागतो. पहिल्या स्लाइडवर 'ईएमआय', दुसरीवर 'हप्ता', तिसरीवर 'मासिक परतफेड' असं झालं, तर घाईत स्क्रोल करणाऱ्याला या तीन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात. शाळेच्या निबंधात शब्द बदलून वापरले की मार्क मिळतात. स्लाइडवर त्यानेच गोंधळ होतो.

क्रियापद कुणाचं?

नाम इंग्रजी असलं तरी मराठी वाक्य मोडत नाही. त्याला प्रत्यय लागतो आणि ते मराठीत बसतं: 'लोनचा', 'लोनवर', 'ॲपमध्ये'. वाक्य घसरतं ते क्रियापदापाशी. 'लोन क्लिअर होईल' आणि 'लोन फिटेल' यात दुसरं छोटं आहे आणि मोबाइलच्या स्क्रीनवर एका नजरेत वाचलं जातं. वाढलं, घटलं, वाचेल, फिटेल, मिळणार नाही अशा शब्दांतूनच काय बदललं ते कळतं. बातमीचा गाभा तिथे असतो, म्हणून तो भाग मराठीतच ठेवलेला बरा.

पैशांचा प्रश्न कुठे येतो?

'ईएमआय कमी होणार' हे वाक्य भाषेच्या दृष्टीने ठीक आहे, पण अर्धवट आहे. समजा 30 लाखांचं लोन 20 वर्षांसाठी घेतलंय आणि व्याज 8.5 टक्क्यांवरून 8 टक्के झालं. ईएमआय 26,035 रुपयांवरून साधारण 25,093 वर येईल, म्हणजे महिन्याला 940 रुपयांच्या आसपास वाचतील. 20 वर्षांत हे झाले सव्वादोन लाख. पण ईएमआय 26,035 च ठेवला तर लोन 240 ऐवजी साधारण 220 महिन्यांत फिटेल आणि सुमारे पाच लाख वाचतील.

व्याजदर बदलताना कर्जदाराला ईएमआय आणि मुदत यांतला पर्याय द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्येच सांगितलंय. म्हणजे बँकेने विचारलं, तर वाचकाला 'टेन्युअर' या शब्दापाशीच निर्णय घ्यायचाय. तो शब्द स्लाइडवर अर्थासकट यायलाच हवा.

शेवटी स्लाइड्स कशा दिसतील?

पहिली: "रेपो रेट अर्ध्या टक्क्याने घटला. तुमच्या होम लोनचं काय होणार?"

दुसरी: "आधी करार बघा. व्याज फ्लोटिंग, म्हणजे बदलतं असेल तर फायदा मिळेल. फिक्स्ड असेल तर ईएमआय तोच राहील."

तिसरी: "30 लाखांचं लोन, 20 वर्षं, व्याज 8.5 वरून 8 टक्के. ईएमआय घटवला तर महिन्याला सुमारे 940 रुपये वाचतील. तोच ठेवला तर लोन 20 महिने आधी फिटेल."

चौथी: "बँकेच्या ॲपमध्ये 'टेन्युअर' दिसेल. म्हणजे लोन फेडायची मुदत. ती कमी करायची की ईएमआय, हे बँकेला विचारा."

यात इंग्रजी शब्द कमी नाहीत. पण प्रत्येकाला काम आहे आणि अवघड शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारीच आहे.

हे गणित सगळीकडे असंच लागू होत नाही. पीक विम्यावरच्या स्लाइडमध्ये 'पंचनामा' आणि 'सातबारा' हेच शब्द लागतील, कारण अर्जापासून तलाठ्यापर्यंत तेच चालतात. शिवाय 'शहरी तरुण' हा एकच गट नाही. नांदेडहून मराठी माध्यमात शिकून पुण्यात नोकरीला आलेली मुलगीही त्यात आहे. तिच्यासाठी 'टेन्युअर'चा अर्थ सांगायला दोन-तीन शब्द जास्त लागतात. ज्याला तो आधीच माहीत आहे, त्याचं त्या शब्दांनी काही बिघडत नाही.