एकेचाळिसाव्या पानावरचे सात

पुन्हा तोच हिरवा गोल. या वेळी तो एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या सचिवांकडून आला. संस्थेचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर जायचे होते. महिनाभराच्या चाचण्या संपल्या आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने शेवटचा कागद पाठवला. त्याला धंद्यात टेस्ट समरी रिपोर्ट म्हणतात. एकूण 46 पाने. पहिल्या पानावर थाळीएवढा पाय चार्ट, त्यात 97.8 टक्के हिरवे, खाली ठळक अक्षरांत ‘शिफारस: गो’. नवी आवृत्ती शनिवारी रात्री सुरू व्हायची होती आणि रिपोर्ट शुक्रवारी, काउंटर बंद झाल्यावर आला. सचिवांना त्यातले एकच कळले, सही कुठे करायची ते.

पाय चार्ट जितका मोठा तितकी चाचणी थोडी, हा या स्तंभाचा जुना आरोप नियमित वाचकांना पाठ असेल. त्याला पुरावा पूर्वी दिला नव्हता, आजही देता येणार नाही. पण असा एकेक रिपोर्ट आला की आरोप मागे घेण्याची इच्छा आणखी कमी होते.

आधी टक्केवारी. चाचण्यांच्या योजनेत 412 चाचण्या ठरल्या होत्या. 396 पास झाल्या, 9 नापास आणि 7 झाल्याच नाहीत. कंपनीने 396 ला 405 ने भागले, कारण जी चाचणी झालीच नाही ती मोजायची कशाला? 412 ने भागले असते तर 96.1 आले असते. फरक पावणेदोन टक्क्यांचा, म्हणजे लबाडी म्हणावी इतका मोठा नाही. खरी गोम वेगळीच आहे. पहिल्या पानावर त्या सातांचा उल्लेखच नाही. ते सापडतात एकेचाळिसाव्या पानावर, परिशिष्टात, बारीक अक्षरांत: ‘ब्लॉक्ड – एन्व्हायर्नमेंट नॉट अव्हेलेबल’.

आणि ते सातही एकाच कामाचे निघाले, 31 मार्चला सर्व खात्यांवर व्याज जमा करण्याचे. कंपनीच्या चाचणी सर्व्हरवर काहीशे खाती होती. संस्थेच्या सहा शाखांत मिळून अठरा हजारांवर आहेत. एवढ्या खात्यांची नक्कल ठेवायला मोठा सर्व्हर लागतो. तो मिळाला नाही, म्हणून चाचणी राहिली. हे काम रात्री एका दमात चालते. सकाळी शाखा उघडेपर्यंत ते संपले नाही तर काउंटरवर रांग उभी राहते. मध्येच बंद पडले तर त्याहून वाईट. निम्म्या खात्यांवर व्याज चढलेले असते, निम्म्यांवर नसते, आणि पुन्हा चालवले तर पहिल्या निम्म्यांवर दुसऱ्यांदा चढू शकते. काहीशे खात्यांवर काम मिनिटभरात आटोपले म्हणून अठरा हजारांवर ते किती वेळ घेईल हे त्रैराशिकाने सांगता येत नाही.

नापास नऊपैकी सात किरकोळ होते: पावतीवर सरकलेला मजकूर, चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ. आठवी तक्रार एका अहवालाच्या छपाईची. नववी मात्र पाहण्यासारखी आहे. रिपोर्टमध्ये ती अशी होती: ‘TC_FD_117, एक्स्पेक्टेड व्हॅल्यू मिसमॅच, सिव्हिरिटी मीडियम, डिफर्ड’. एवढ्या ओळीवरून सचिवांनी काय समजावे? विचारपूस केल्यावर अर्थ कळला. एखाद्याने एक लाखाची ठेव दोन वर्षांसाठी 9 टक्क्यांनी ठेवली आणि वर्षाने मोडली, तर संस्थेच्या नियमाप्रमाणे एक वर्षाचा दर धरायचा, समजा 8 टक्के, आणि त्यातून एक टक्का दंड कापायचा. म्हणजे सरळ व्याजाने 7,000 रुपये. नवी आवृत्ती मूळचाच 9 टक्के दर धरते, दंड कापते आणि 8,000 देते. मोडलेल्या लाखामागे हजार रुपये संस्थेच्या खिशातून जातात. ठेवीदार अर्थातच तक्रार करणार नाही, त्यामुळे चूक ध्यानात यायला लेखापरीक्षण उजाडेल. मग ‘मीडियम’ का? तर प्रोग्राम बंद पडत नाही. टेस्टरच्या मोजपट्टीवर बंद पडणे गंभीर आणि चुकीचे पैसे देणे मध्यम असू शकते. हे टेस्टरला माहीत असते. ज्याचे पैसे जाणार त्याला नसते.

आता ज्या तुलनेसाठी हा लेख लिहायला घेतला ती. याच सचिवांच्या टेबलावर दरवर्षी दुसरा एक जाडजूड अहवाल येतो, वैधानिक लेखापरीक्षणाचा. सहकार कायद्याच्या कलम 81 खालचा. तोही परक्या शास्त्राचा. सचिव काही सनदी लेखापाल नाहीत, पण तो अहवाल ते वाचतात आणि समजून वाचतात. संस्थेला ‘अ’ वर्ग मिळाला म्हणून तिथेच थांबत नाहीत, कारण खरा मजकूर शेऱ्यांत असतो हे सहकारात मुरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रोख मोजली का, तारणाची कागदपत्रे पाहिली का, थकबाकीचे काय, हे तिथे लिहिलेले असते. जे पडताळता आले नाही त्याचाही शेरा पडतो. आणि शेरा पडला की प्रकरण तिथेच मिटत नाही. कलम 82 प्रमाणे संस्थेला तीन महिन्यांत दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, ‘ओ’ नमुन्यात. प्रत्येक दोषासमोर संस्थेचा खुलासा, त्यापुढे लेखापरीक्षकाचा अभिप्राय. वार्षिक सभेत एखादा सभासद नेमका तोच शेरा काढून उभा राहतो.

म्हणजे तांत्रिक अहवाल सामान्य माणसाला कळत नाहीत, ही सॉफ्टवेअरवाल्यांची नेहमीची सबब सहकारात तरी टिकत नाही. ‘ओ’ नमुन्यात काय आहे? दोष, आणि त्यावर कोण काय करणार याचा खुलासा. TC_FD_117 या साच्यात घातला तर तीन वाक्ये होतात. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर प्रणाली जादा व्याज देते, वरच्या उदाहरणात लाखामागे हजार रुपये. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येईल. तोवर अशी प्रत्येक पावती शाखाधिकाऱ्याने हाताने हिशेब करून मगच मंजूर करावी. हे लिहायला कोणते तंत्रज्ञान लागते?

तुलना एका जागी मात्र लंगडी पडते. लेखापरीक्षक शासनाच्या नामिकेवरचा असतो आणि त्याला सर्वसाधारण सभा नेमते. टेस्टरचा पगार सॉफ्टवेअर बनवणारीच कंपनी देते. म्हणून तर त्याच्या अहवालात न झालेल्या कामाची जागा आधीच ठरलेली हवी. ती ठरलेली आहेही. चाचणीच्या कागदपत्रांचे आयईईई 829 हे जुने मानक 1983 साली आले. त्याच्या 1998 च्या आवृत्तीत समरी रिपोर्टच्या घटकांत ओळखक्रमांक आणि सारांश यांच्यानंतर लगेच ‘व्हेरिअन्सेस’ येतात: योजनेपासून कुठे फारकत झाली आणि का. निकालांची मांडणी त्याच्या नंतर. कंपनीने क्रम तेवढा उलटा केला आणि तिसऱ्या घटकाला एकेचाळिसाव्या पानावर नेऊन बसवले.

हे पतसंस्थांपुरतेच आहे असे वाटत असेल त्यांनी टीएसबी आठवावी. ब्रिटनमधल्या या बँकेने 20 ते 22 एप्रिल 2018 या शुक्रवार ते रविवारच्या काळात पन्नास लाखांवर ग्राहकांची खाती लॉइड्सच्या जुन्या यंत्रणेतून आपल्या स्पॅनिश मालकाच्या, सबादेलच्या, नव्या यंत्रणेवर नेली. खात्यांची माहिती नीट हलली. त्या भागाचा पाय चार्ट कोणी काढला असता तर तो हिरवागार निघाला असता. कोलमडली ती यंत्रणा. लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना आणि घडी नीट बसायला डिसेंबर उजाडला. स्लॉटर अँड मे या कायदेविषयक संस्थेने नोव्हेंबर 2019 मध्ये दिलेल्या चौकशी अहवालात एक बाब ठळकपणे आली. नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती, आणि भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली होती. मदतीला बोलावलेल्या आयबीएमने घोटाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही केंद्रे एकत्र चालवून चाचणी न झाल्याकडे बोट दाखवले होते.

योजना आणि प्रत्यक्ष यांतला हा फरक एका वाक्यात मावतो: ‘दोन केंद्रे चालणार, तपासले एक.’ संचालकांना एवढे समजायला संगणकाची पदवी लागत नाही. डिसेंबर 2022 मध्ये नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड केला. पुढच्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही 81,620 पौंड भरावे लागले. यंत्रणा चालवणारी कंपनी तयार आहे याची पुरेशी खात्री त्याने करून घेतली नाही, हा ठपका.

टेस्टर मंडळींची हरकत इथे ऐकू येते, आणि ती अगदीच पोकळ नाही. जे तपासले नाही ते अनंत असते, त्याची यादी कुठवर द्यायची? सगळी द्यायची नाहीच. योजनेत कबूल करून जे राहिले तेवढे द्यावे. आणि चाचणीची जागा व खरी जागा यांत जो फरक आहे तो: खाती किती, शाखा किती, पिग्मी एजंटांची यंत्रे खरी होती की नाही. एवढ्याला अर्धे पान पुरते. सेल्सवाल्यांची हरकत वेगळी, ‘क्लायंट घाबरेल’. क्लायंट दरवर्षी लेखापरीक्षकाचे शेरे पचवतो. तो घाबरायचा तर आधीच घाबरला असता.

सचिवांनी शुक्रवारी सही केली नाही. सोमवारी त्यांनी कंपनीकडून एक पान मागून घेतले, ‘ओ’ नमुन्यासारखे रकाने आखून. त्यात ठेवींच्या पावत्यांवर शाखाधिकाऱ्याची तपासणी आली. व्याजाची चाचणी संस्थेच्या पूर्ण खात्यांच्या नकलेवर, खातेदारांची नावे व फोन झाकून, फेब्रुवारीअखेर करण्याचे ठरले. ती होईपर्यंत मार्चअखेरचे काम जुन्या आवृत्तीवर करण्याची सोय राखायची, हेही लिहून घेतले. या अटींवर नवी आवृत्ती आठवडाभर उशिरा सुरू झाली. मोठ्या सर्व्हरचे भाडे कोणी द्यायचे यावर करारात अवाक्षर नाही. कंपनी म्हणते संस्थेने, संस्था म्हणते कंपनीने, आणि संचालक मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय सहावा आहे.