काम सुटल्याचं घरात पहिल्याच दिवशी सांगा

कंपनीने अचानक घरी बसवलेला माणूस आपल्या वस्तीत लगेच ओळखू येत नाही. तो सकाळी डबा घेऊन वेळेवर निघतो, दिवसभर कुठेतरी बसतो आणि संध्याकाळी परततो. घरात बचत गटाचा हप्ता, भिशी, किराणा नेहमीसारखंच चालू राहतं. दोन आठवड्यांनी त्याची झोप जाते, जेवण तुटतं, कुणाची दारूही सुरू होते. आमच्या मते काम जाण्याइतकीच ही लपवालपवी माणसाला आजारी पाडते. बायकोला तिसऱ्या दिवशी संशय येतोच. फक्त दोघंही बोलत नाहीत.

एकटा माणूस सहीही घाईत करतो. "राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच देतो," असं सांगितलं जातं. समजा, सात वर्षं काम झालं आणि पगार १८,००० आहे. कामगार कपातीत काढलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. वर्षाला निदान ९,००० धरले, तरी सात वर्षांचे ६३,००० आणि नोटिशीचे १८,००० मिळून ८१,००० होतात. राजीनाम्यावर सही केली की हे सगळं जातं. ग्रॅच्युइटी तेवढी पाच वर्षांनंतर राजीनाम्यालाही मिळते, आणि तीच दाखवून भुलवलं जातं. म्हणून कागद घरी आणा, युनियनच्या माणसाला किंवा वकिलाला दाखवा, मगच सही करा. ठेकेदाराकडे असाल तर हजेरी कार्ड आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. वर्षात २४० दिवस भरल्याचा पुरावा तोच.

दुसरी चूक दवाखान्याची. काम गेलं म्हणजे ईएसआयचं कार्ड संपलं, असं समजून लोक बीपीच्या, शुगरच्या गोळ्या बंद करतात. तसं नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला चालते. म्हणजे फेब्रुवारीत काम गेलेल्याचं कार्ड जूनपर्यंत तरी चालू असतं. दवाखान्याच्या खिडकीवर तारीख विचारून घ्या.

पहिल्या आठवड्यात झोप न येणं, चिडचिड होणं आम्हाला आजार वाटत नाही. पण दोन आठवडे उलटूनही माणूस अंथरुणातून उठत नसेल, मुलांशीही बोलत नसेल, तर थांबू नका. "मी नसतो तर बरं" असं तो एकदा जरी बोलला, तरी त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. तो फोन बायकोने, भावाने, शेजाऱ्यानेही लावला तरी चालतो.