डबा, खोका आणि दुकानाची पाटी

गेल्या महिन्यात पांढुर्ण्याच्या बाजारातून जात असता माझा एक जुना विद्यार्थी भेटला. एके काळी पांढुर्णा व सौंसर या दोन्ही गावांतील दुकानांच्या पाट्या तो रंगवीत असे. मराठी असो वा हिंदी, त्याच्या कुंचल्याचे अक्षर दुरूनही ओळखू यावे, असे त्याचे वळण होते. फ्लेक्सचे छापील फलक आले आणि त्याचे काम संपले. आता तो संत्र्यांच्या हंगामात पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम करतो. बोलता बोलता तो म्हणाला, “सर, अमेरिकेत कोणी सुपाच्या डब्याचे चित्र काढले आणि ते संग्रहालयात गेले, असे मुलगा मोबाईलवर दाखवीत होता. आम्हीही जन्मभर डबे, साबण, बाटल्याच रंगविल्या. मग त्या माणसाने डब्याचे कौतुक केले, की थट्टा?”

प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर रस्त्यात उभ्या उभ्या देता आले नाही. या महिन्याचे पान त्याच्याच प्रश्नासाठी.

तो चित्रकार म्हणजे अँडी वॉरहॉल. न्यूयॉर्कमध्ये त्याने आरंभी उपजीविका केली ती जाहिरातींची चित्रे काढून. पादत्राणांच्या जाहिरातींसाठी तो विशेष प्रसिद्ध होता. १९६२ साली लॉस एंजेलिस येथे त्याने कॅम्पबेल कंपनीच्या सुपाच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. ३२ च का? तर त्या वेळी कंपनी तितक्याच प्रकारची सुपे विकत होती. प्रत्येक चित्र साधारण वीस इंच उंच व सोळा इंच रुंद. ती भिंतीवर एका अरुंद फळीवर ओळीने टेकवून ठेवली होती, म्हणजे वाण्याच्या दुकानातल्या मालासारखी. शेजारच्या एका चित्रविक्रेत्याने आपल्या खिडकीत खरे डबे रचले आणि ‘आमच्याकडे स्वस्त मिळतील’ अशी खिल्ली उडविली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही ३२ चित्रे यंत्राने छापलेली नव्हती. ती बहुतांशी हाताने रंगविली होती. केवळ तळाशी असलेली फुलांची नक्षी ठशाने उमटविली होती. म्हणजे यंत्राने क्षणात होणारे काम त्याने मुद्दाम हाताने केले आणि हाताची खूण शक्य तितकी पुसून टाकली. चित्रात डब्याभोवती मेज नाही, जेवणारे कुटुंब नाही, तिरकस शेरा नाही. थट्टा करावयाची तर वस्तू थोडी वाकडी करावी लागते. गौरव करावयाचा तर थोडी उजळावी लागते. त्याने यांपैकी काहीच केले नाही. म्हणूनच पाहणारा आपलाच भाव त्या डब्यावर चढवून जातो.

कंपनीने कोणता भाव चढविला? प्रथम ती जरा बिचकली असेल. पण पुढे तिच्या एका अधिकाऱ्याने वॉरहॉलला पत्र लिहून टोमॅटो सूप भेट पाठविले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने डब्यांच्या चित्रांनी भरलेला कागदी झगा काढला. एक डॉलर आणि डब्यांची दोन वेष्टने पाठविली की तो घरपोच येई. जाहिरातीवरून चित्र झाले आणि चित्रावरून पुन्हा जाहिरात! उपभोगाच्या बाजाराचे हेच सामर्थ्य, की आपल्यावर उगारलेला चिमटासुद्धा तो विकावयास काढतो. थट्टा होती असे मानले, तरी ती बाजाराला बोचली नाही, एवढे निश्चित.

१९६४ साली वॉरहॉलने याहून पुढचे पाऊल टाकले. भांडी घासण्याच्या ‘ब्रिलो’ नावाच्या तारेच्या घासण्या ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दुकानात येत, त्या खोक्यांच्या मापाच्या लाकडी पेट्या त्याने सुतारांकडून करवून घेतल्या, पांढऱ्या रंगविल्या आणि त्यांच्या बाजूंवर खोक्यावरचीच लाल-निळी अक्षरे स्क्रीनने छापली. ही छपाई आपल्या वाचकांना नवी नाही. आपल्याकडच्या लग्नपत्रिका ज्या रीतीने छापल्या जात, तीच ही रीत: चौकटीवर ताणलेले बारीक विणीचे कापड, नको तेथे त्याची छिद्रे बुजविलेली, आणि वरून रबरी पट्टीने दाबून ओढलेली शाई. एकदा चौकट तयार झाली की मदतनीसही छापू शकतो. वॉरहॉलने आपल्या चित्रशाळेला ‘फॅक्टरी’ म्हणविले, ते उगीच नव्हे.

परंतु त्या खोक्यावरचे मूळ रेखाटन कोणाचे? जेम्स हार्वे नावाच्या चित्रकाराचे. हार्वे स्वतः अमूर्त चित्रे काढी आणि पोटासाठी वेष्टने आखून देई. त्याच्या खोक्याला किंमत घासण्यांची. त्याच्यावरून केलेल्या पेटीला किंमत कलेची. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, हार्वे वारला. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नामागे दडलेला खरा सल मला येथे सापडला. कौतुक की थट्टा हे दूर राहो. ज्याच्या हाताने ते रूप घडले, तो कोठे गेला?

याचे एक उत्तर आपल्याच देशात मिळते. भूपेन खक्कर हे १९३४ साली मुंबईत जन्मलेले गुजराती गृहस्थ, व्यवसायाने हिशेबनीस. १९६२ च्या सुमारास ते बडोद्यास आले आणि अर्धवेळ कारखान्याचे हिशेब सांभाळीत चित्रे काढू लागले. पॉप कलेची ओळख त्यांना एका इंग्रज चित्रकारमित्राकडून झाली. तथापि सुपाचा डबा आपल्या स्वयंपाकघरात नव्हता. आपल्याकडे घाऊक छपाई म्हणजे देवादिकांच्या तसबिरी. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या होत्या आणि पुढे दिनदर्शिकांवर दुकानांच्या नावांसह विराजल्या होत्या. खक्कर यांनी त्याच बाजारी तसबिरी कातरून आपल्या आरंभीच्या चित्रांत चिकटविल्या. पुढे १९७२ साली त्यांनी ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डी-लक्स टेलर्स’ अशी चित्रे रंगविली. त्यांत पाटीरंगाऱ्याचे सपाट, भडक रंग आहेत, दुकानाचे नाव आहे. पण पाटीबरोबर घड्याळजी आणि शिंपीही आहे.

या दोघांतील भेद मला येथे दिसतो. वॉरहॉलच्या फळीवर वस्तू आहे, माणूस नाही; म्हणून स्तुती की उपहास हा वाद मिटत नाही, आणि तो मिटू नये हाच त्याचा हेतू असावा. खक्कर यांच्या चित्रात हसू आहे. ‘डी-लक्स’ या नावातील ऐट आणि दुकानाचा जेमतेम आकार यांतील अंतर त्यांना दिसते. मात्र ते हसू शिंप्यावरचे नव्हे. आपलेपणाने त्याच्याकडे पाहताना आलेले आहे.

रविवारी तो विद्यार्थी घरी आला, तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “सौंसरला एका बोळात माझी शेवटची पाटी अजून आहे, सर. रंग उडालाय. मुलाला म्हणतो, एक फोटो काढून ठेव.”

मी म्हटले, “अवश्य काढ. आणि त्या पाटीखाली तू स्वतः उभा राहा.”