जवळचा तोच तापणार, हे कोणी सांगितले?

भाच्याचा सामान्यज्ञानाचा पेपर माझ्यासमोर आहे. प्रश्न होता, सूर्यमालेतील सर्वात उष्ण ग्रह कोणता? त्याने शुक्र लिहिले. बाईंनी लाल फुली मारून बाजूला बुध लिहिले आणि वर्गात समजही दिली, की चुलीच्या जवळ बसणाऱ्यालाच जास्त झळ लागते. पोरगा घरी येऊन म्हणाला, "मामू, पुस्तकात तर शुक्र आहे." मी म्हणालो, पुस्तक बरोबर आहे. माझ्या बहिणीचे म्हणणे वेगळे पडले. एका गुणासाठी शाळेत कशाला जायचे?

भांडण एका गुणाचे असते तर मीही गप्प बसलो असतो.

जवळ म्हणजे गरम हा नियम सोलापुरातच टिकत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ. त्या दिवसांत भवानी पेठेत सकाळी लोक चादर सोडत नाहीत. आणि मे महिन्यात, सूर्य जानेवारीपेक्षा लांब असताना, पारा ४३-४४ वर जातो. त्याचे कारण पृथ्वीचा कललेला अक्ष, ते बुध-शुक्राचे कारण नव्हे. पण चुलीचा दाखला आपल्याच अंगणात खोटा ठरतो, एवढे तरी यातून कळावे.

आता ग्रहांकडे वळू. बुध, ज्याला उर्दूत उतारिद म्हणतात, सूर्यापासून सरासरी पावणेसहा कोटी किलोमीटरवर आहे. शुक्र, म्हणजे जोहरा, जवळपास अकरा कोटींवर. बुधाच्या एक चौरस मीटर जमिनीवर शुक्राच्या साधारण साडेतीनपट ऊन पडते. तरी बुधाचा दिवस ४३० अंश सेल्सियसच्या आसपास थांबतो आणि शुक्राची जमीन ४६० च्या वर असते. बुधाच्या रात्री तर तापमान उणे १८० पर्यंत उतरते. तिथे हवा नाहीच म्हटले तरी चालेल. दिवसा जमीन जे कमावते ते रात्री उघड्या आकाशात उधळून टाकते, आणि रात्रही आपल्या ८८ दिवसांची. त्याच्या ध्रुवांजवळच्या काही खड्ड्यांत ऊन कधीच पोचत नाही, तिथे पाण्याचा बर्फ आहे. मेसेंजर यानाच्या मोजणीने २०१२ साली ते पक्के झाले. चुलीला सर्वात चिकटून बसलेल्याच्या घरात बर्फ! बाईंनी याचे उत्तर द्यावे.

शुक्राची गोष्ट याहून विचित्र आहे. तो सूर्याचे तेवढे ऊनसुद्धा घेत नाही. गंधकाम्लाच्या दाट ढगांमुळे आलेल्या उन्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परत फेकला जातो, म्हणूनच तो आपल्याला इतका लखलखीत दिसतो. हिशेब करून पाहा. पृथ्वीवर येणारे ऊन १ धरले तर शुक्रावर १.९ येते. त्यातले पाऊण परत गेले की उरते अर्ध्याहून कमी. आपली पृथ्वी मात्र तीसएक टक्के परत पाठवून ०.७ ठेवून घेते. म्हणजे शुक्र पृथ्वीपेक्षाही कमी ऊन पचवतो. निव्वळ तेवढ्या उन्हावर भागवायचे असते तर त्याचे तापमान उणे ४० च्या आसपास राहिले असते. प्रत्यक्षात ते त्याहून पाचशे अंशांनी वर आहे.

हे पाचशे अंश आले कुठून? शुक्राच्या हवेत ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. दृश्य प्रकाशाचा थोडासा अंश ढगांतून गाळून जमिनीपर्यंत पोचतो आणि जमीन तापवतो. तापलेली जमीन उष्णता सोडते ती अवरक्त किरणांनी, आणि ते किरण हा वायू अडवतो. हवेचा एक थर ते शोषतो, त्यातले काही वर आणि काही परत खाली सोडतो. मग पुढचा थर, मग त्याच्या पुढचा. आपली चादर हवा हलू देत नाही म्हणून ऊब टिकते, तशी ही चादर नाही. ही किरणे अडवते. उष्णता अवकाशात सुटते ती थेट साठ-पासष्ट किलोमीटर उंचीवरून, आणि तिथे खरोखरच उणे ४० च्या जवळपासची थंडी आहे. तिथून खाली येताना दर किलोमीटरला साधारण ८ अंश वाढत जातात. गुणाकार वाचकांनीच करावा.

माझे खरे भांडण बाईंशी नाहीच. ते आहे चहाच्या टपरीवरच्या सुशिक्षित मंडळींशी. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "ही वायूबियूची कथा बाहेरून आलेली. शुक्रावर हवेचा दाब ९० पट आहे, दाबाने गरम झालाय." मी टपरीच्या गॅसच्या टाकीकडे बोट दाखवले. तिच्यात दाब आहे. मग ती सावलीत गार का? सायकलला हवा भरताना पंप तापतो हे खरे, पण दाबण्याची क्रिया चालू असते तेवढाच वेळ. नंतर तो निवतो. शुक्राची हवा काही रोज नव्याने दाबली जात नाही. अब्जावधी वर्षांत ती केव्हाच निवली असती.

गृहस्थांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, तेही मान्य करतो. मंगळाच्या हवेतही ९५ टक्के हाच वायू आहे आणि तो गारठलेला आहे, कारण त्याची हवा आपल्या हवेच्या एक टक्काही भरत नाही. टक्केवारी काही सांगत नाही, वायू एकूण किती आहे ते सांगते. शिवाय दाट हवेत हा वायू अधिक रुंद पट्ट्यातले किरण गिळतो, आणि उरलेल्या फटी थोडीशी वाफ, गंधकाचा वायू आणि ढग बुजवतात. दाबाचे काम चादर घट्ट विणण्याचे आहे, आग लावण्याचे नाही.

बाहेरून आलेली कथा म्हणणाऱ्यांनी ती सिद्ध कशी झाली तेही ऐकावे. १९५६ साली अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीला शुक्राकडून तीनशे अंशांच्या वस्तूसारख्या लहरी मिळाल्या. शंका लगेच आली, की त्या जमिनीच्या की वरच्या विद्युतभारित हवेच्या? परीक्षा सोपी होती. वरच्या हवेच्या असतील तर ग्रहाची कड अधिक तेजस्वी दिसेल, जमिनीच्या असतील तर कड मंद दिसेल. १४ डिसेंबर १९६२ ला मरिनर-२ जवळून गेले आणि कड मंद निघाली. १९७० च्या डिसेंबरात रशियाचे व्हेनेरा-७ थेट जमिनीवर उतरले आणि तिथून ४७५ अंश कळवून काही मिनिटांत गप्प झाले. शीतयुद्धातले दोन शत्रू, आणि दोघांची साक्ष एकच.

यावरून उद्या सोलापूरचा शुक्र होईल असे कोणी म्हणेल तर तेही खोटेच आहे. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन मोकळा आहे, साधारण तेवढाच पृथ्वीकडेही आहे. फक्त आपला बहुतेक दगडांत बंद आहे. पेठेतल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी पाहा. ती चुनखडीच आहे. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंत सुमारे ४४ किलो हा वायू असतो, आणि भट्टीत चुना भाजला की तोच बाहेर पडतो. पावसाने, नद्यांनी, समुद्राने तो इथे दगडात घातला. शुक्रावर पाणी टिकले नाही, म्हणून तिथे तो हवेतच राहिला.

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. बहीण अजून नको म्हणते. पोराने मात्र फुलीखाली पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, "बाई, बुधावर बर्फ आहे."