'पलटला' म्हणण्याआधी

एकाच माणसाची दोन भाषणे ऐकली की लोकांचा निकाल तयार असतो : 'पलटला!' आमच्या वर्गातली मुलेही तेच म्हणतात आणि आम्ही शिक्षक त्यावर बरोबरची खूण करतो. हा सारांश नव्हे, ही आळशी माणसाची न्यायाधीशी आहे.

ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांचेच पाहा. २७ सप्टेंबर १९३८ रोजी ते रेडिओवर बोलले. दूरच्या देशातील, आपल्याला ठाऊक नसलेल्या लोकांच्या भांडणासाठी आपण खंदक खणावेत हे किती भयंकर, असा त्यांचा सूर होता. तीनच दिवसांनी म्युनिकचा करार झाला. १५ मार्च १९३९ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि १७ मार्चला बर्मिंगहॅममध्ये हेच चेंबरलेन कठोर भाषेत बोलले. दोन्ही भाषणांचे ध्वनिमुद्रण आहे. ऐकणारा म्हणतो, मेंढीचा वाघ झाला.

पण पहिले भाषण शेवटपर्यंत ऐकले कोणी? त्यातच एक 'जर' आहे. एखादे राष्ट्र बळाच्या धाकाने जगावर हुकूमत गाजवू पाहते अशी खात्री पटली, तर त्याला विरोध केलाच पाहिजे, असे ते तेव्हाही म्हणाले होते. बर्मिंगहॅममध्ये ते विचारतात : हे त्याच दिशेने टाकलेले पाऊल आहे काय? म्हणजे तत्त्व जागच्या जागी आहे. बदलला तो वस्तुस्थितीचा अंदाज. सुडेटन प्रदेशानंतर युरोपात आपली मागणी उरणार नाही, हे हिटलरचे आश्वासन पहिल्या भाषणात आधार म्हणून येते. दुसऱ्यात त्याच आश्वासनाचा जाब विचारला जातो.

आणि कृती? तीही त्या दिवशी बदललेली नाही. पुढचे काही दिसत नसताना ब्रिटनला नव्या, मोघम वचनांत बांधणार नाही, असे ते बर्मिंगहॅममध्येही सांगतात. म्युनिकचे समर्थनही सोडत नाहीत. पोलंडला हमी दिली ती ३१ मार्चला, पार्लमेंटमध्ये. ती १७ मार्चच्या भाषणात घुसडणे म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडी आपले ज्ञान घालणे.

म्हणून आम्ही आता मुलांकडून वहीत तीन रकाने आखून घेतो : तत्त्व, अंदाज, कृती. दोन्ही भाषणांतली वाक्ये समोरासमोर लिहायची. 'जर' आणि 'तर' यांच्याखाली रेघ मारायची. दुसऱ्या भाषणात एखादा मुद्दा आलाच नाही, तर 'सोडला' लिहायचे नाही, 'बोलले नाहीत' एवढेच लिहायचे. मनात काय होते ते फीत सांगत नाही.

यात चेंबरलेन यांची वकिली नाही. तीन रकाने भरल्यावर त्यांच्यावरचा आरोप उलट नेमका होतो : तत्त्व ठाऊक असलेल्या माणसाने एका आश्वासनावर भरवसा ठेवला आणि त्याची किंमत दुसऱ्या देशाने मोजली. 'पलटला' म्हणणारा हा आरोप करूच शकत नाही, कारण त्याने पहिली फीत अर्ध्यावरच बंद केलेली असते.