रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं का दुखतं?

अपघात होतो, माणूस सरकारी दवाखान्यात जातो, डोक्याचा सीटी स्कॅन होतो. रिपोर्ट चांगला येतो आणि पाच दिवसांच्या गोळ्या देऊन घरी पाठवतात. पुढे काय करायचं हे कागदावर लिहिलेलं नसतं. चार महिन्यांनीही डोकं दुखतच असतं, आणि घरचे म्हणायला लागतात, "रिपोर्टात काही नाही, मग हिला होतंय तरी काय?" कुणी नाटकं म्हणतं, कुणी बाहेरचं बघा म्हणून गंडादोरा आणतं. वस्त्यांमध्ये काम करताना हे आम्ही इतक्या घरांत पाहिलंय की आता स्पष्ट लिहायला हवं: हे दुखणं खरं असतं. आणि ते लांबवण्यात रोजची गोळी आणि महिनोन् महिन्यांचं पडून राहणं, या दोन्ही गोष्टींचा मोठा हात असतो.

आधी त्या रिपोर्टाचं. सीटी स्कॅन करतात तो मुख्यतः मेंदूत रक्तस्राव झालाय का आणि कवटी मोडलीय का, हे पाहायला. डोक्याला मुका मार बसून मेंदू हादरला, तर त्याच्या पेशींच्या कामात बिघाड होतो, पण तो चित्रात दिसत नाही. मानेला झटका बसून स्नायू आणि सांधे दुखावले, तेही या चित्रात दिसत नाहीत. म्हणजे नॉर्मल रिपोर्टाचा अर्थ 'जिवाला धोका दिसत नाही' एवढाच. 'दुखत नाही' असं तो सांगत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका ताईंचंच घ्या. वय अडतीस, तीन घरी स्वयंपाकाची कामं. दिराच्या गाडीवर मागे बसल्या होत्या. सिग्नलला गाडी थांबली असताना मागून टेम्पोने धडक दिली. त्या पडल्या नाहीत, बेशुद्धही झाल्या नाहीत. मान मात्र जोरात मागे जाऊन पुढे आली, आणि आपण कुठे निघालो होतो हे दहा मिनिटं आठवेना. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखू लागलं. दुखणं उजव्या बाजूला मानेतून सुरू व्हायचं आणि डोक्यावरून डोळ्यामागे जायचं. भांडी घासायला वाकलं किंवा पाण्याचा हंडा डोक्यावर घेतला की वाढायचं. अशा माराने सात दिवसांच्या आत सुरू झालेली डोकेदुखी तीन महिन्यांपुढे गेली, की डॉक्टर तिला चिवट डोकेदुखी धरतात. ताईंना चार महिने झाले होते.

मार मानेला, मग दुखणं डोळ्यामागे कसं? मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्या-कपाळाची नस मेंदूच्या बुडाशी एकाच नाक्यावर येऊन मिळतात. मानेतून निघालेली कळ त्या नाक्यावर गेली की मेंदूला ती कपाळातून आली असं वाटतं. ओळखण्याची खूण अशी, की मान वळवली किंवा मानेचा वरचा भाग दाबला की तेच ओळखीचं दुखणं उठतं. काहींना ठणका लागतो, उजेड-आवाज सोसत नाही, मळमळतं. तो प्रकार अर्धशिशीसारखा. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात, ताईंनाही होते.

आता गोळीचं. आम्ही ताईंना भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सांगितल्या: डोकं दुखलं त्या दिवशी रेघ, गोळी घेतली त्या दिवशी गोल. महिन्यात चोवीस गोल झाले. मेडिकलमधून सुटी घेतलेली गोळी, कधी सकाळी एक आणि रात्री एक. पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं मिसळलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांपेक्षा जास्त चालली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. असर उतरला की डोकं दुखतं, दुखलं की पुन्हा गोळी. हे चक्र ना पेशंटला कळतं, ना देणाऱ्याला.

डॉक्टरांच्या सल्ल्याने ताईंची ती गोळी बंद झाली. पहिले दहा दिवस दुखणं उलट वाढलं. हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून त्या टिकल्या, नाहीतर इथेच माणूस पुन्हा मेडिकलकडे वळतो. डॉक्टरांनी रात्रीची एक कमी मात्रेची वेगळी गोळी दिली, ती दुखणं उठण्याआधीच आवरण्यासाठी. झोपेची किंवा ट्रामाडॉलसारखी जोरदार गोळी चालू असेल, तर ती मात्र मनाने एकदम सोडू नये.

दुसरी गोष्ट आराम. मार लागल्यावर एक-दोन दिवस विश्रांती बरोबर आहे. ताई दोन महिने मानेला पट्टा लावून अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. त्यामुळे मानेचे स्नायू ढिले पडले, झोप बिघडली, आणि हालचालीची भीती बसली.

फिजिओथेरपिस्टने पट्टा सोडवला आणि व्यायाम दिला. पाठीवर झोपायचं, मानेखाली घडी केलेला टॉवेल ठेवायचा आणि डोकं न उचलता हनुवटी हलकेच आत घ्यायची, जणू कुणाला 'हो' म्हणतोय. सुरुवातीला पाच सेकंद धरून पाच वेळा, हळूहळू दहा सेकंद आणि दहा वेळा. सोबत खांद्याची पाती मागे ओढणं, आणि दहा मिनिटं चालणं. चालताना एक नियम पाळायचा. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. तीनचं पाच झालं आणि तासाभरात उतरलं, तर चालेल. त्याहून वाढलं किंवा जास्त वेळ टिकलं, तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी चालायचं, पण बंद करायचं नाही. चक्कर येत असेल तर नजर आणि तोल सावरण्याचे वेगळे व्यायाम असतात, ते विचारून घ्यावेत.

खरी अडचण हंड्याची होती. नळ वस्तीच्या टोकाला, आणि पाणी भरणं बाईचंच काम. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हातारी काय हंडे उचलू?" आम्ही म्हणालो, तुम्ही नका, तुमच्या दोन मुलांना हात आहेत. पाण्याची पाळी मुलांकडे गेली नसती, तर व्यायामाचा फारसा उपयोग झाला नसता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ताईंनी आधी एका घरचं काम धरलं, तीन आठवड्यांनी दुसरं. अडीच महिन्यांनी कॅलेंडरवर महिन्याला सहा रेघा होत्या. पूर्ण बरं वाटलं असं त्या अजून म्हणत नाहीत, आणि तिसरं घर हातचं गेलं ते गेलंच.

सलूनमध्ये मान कटकन मोडून घेणारे बरेच आहेत. अशा माराने दुखावलेल्या मानेला ते अजिबात करू देऊ नका. मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. आणि वारंवार उलटी, वाढती गुंगी, फिट, बोलण्यात अडखळणं, एका हातापायाची ताकद जाणं, एक पापणी अचानक उतरणं, यातलं काही दिसलं तर व्यायाम सोडून लगेच दवाखाना गाठा. म्हाताऱ्या माणसाला किंवा रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याला साध्या मारानेही काही आठवड्यांनी डोक्यात रक्त साचलेलं आढळतं, तेव्हा जुना नॉर्मल रिपोर्ट धरून बसू नका.

दवाखान्यात जाताना पहिला केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि खुणा केलेलं कॅलेंडर सोबत न्या. फिजिओथेरपीची चिठ्ठी आपणहून मागा. अपघाताच्या भरपाईचा दावा चालू असेल, तर प्रत्येक भेटीत 'डोकेदुखी चालू आहे' हे केसपेपरवर लिहून घ्या. पुढे विचारणारा पहिल्या दिवसाचा सीटी रिपोर्टच पुढे करतो.