उधारी थकली म्हणजे फसवणूक झाली काय?

समजा, सोलापुरातील एका टॉवेल उत्पादकाने साठ दिवसांच्या उधारीवर बारा लाख रुपयांचे सूत घेतले. सात लाख चुकते केले, पुढे बाजार मंदावला आणि पाच लाख थकले. पुरवठादाराने पोलिसांत फसवणुकीची फिर्याद दिली व गुन्हा नोंदला गेला. अशा वेळी घरात पहिला प्रश्न उठतो तो हा, की ही फिर्याद मुळातूनच रद्द करून घेता येईल काय?

हा अधिकार फक्त उच्च न्यायालयास आहे; दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयास नाही. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 482 मध्ये नमूद होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 मध्ये आहे. नव्या संहितेतील कलम 482 हे अटकपूर्व जामिनाचे आहे, म्हणून जुने व नवे कागद वाचताना घोटाळा होऊ देऊ नये. सोलापूर जिल्ह्यातील अशी प्रकरणे 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

या अधिकारास ‘अंगभूत’ म्हणतात, कारण कलमाने तो नव्याने दिलेला नाही. न्यायालयाच्या ठायी असलेला अधिकार केवळ अबाधित राखला आहे. न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग रोखणे आणि न्यायाचा हेतू साधणे, हे त्याचे मुख्य प्रयोजन. त्याची कसोटी मात्र अनेकांच्या कल्पनेहून वेगळी आहे. फिर्याद खरी की खोटी, हे उच्च न्यायालय या टप्प्यावर ठरवीत नाही. फिर्यादीतील प्रत्येक शब्द खरा धरून चालले, तरी त्यातून गुन्हा उभा राहतो काय, एवढेच पाहिले जाते. म्हणून आरोपीने आपल्या खातेवह्या व साक्षीदार पुढे करून ‘मी निर्दोष आहे’ असे सांगणे येथे सहसा उपयोगी पडत नाही. त्याची जागा खटल्यात आहे.

माधवराव शिंदे विरुद्ध संभाजीराव आंग्रे या प्रकरणात हीच कसोटी लागली. एका धर्मादाय ट्रस्टच्या मालमत्तेतील भाडेकरारावरून विश्वासघाताची फौजदारी तक्रार झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ती रद्द केली. ट्रस्टच्या कारभारातील चूक ही दिवाणी आगळीक असू शकते, कधी तीच गुन्हाही ठरते; परंतु या प्रकरणात गुन्ह्याचे आवश्यक घटक दिसत नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय होता.

टॉवेल उत्पादकाच्या बाबतीत तो आवश्यक घटक म्हणजे आरंभीची लबाडी. माल घेतानाच पैसे न देण्याचा हेतू असेल, तर ती फसवणूक. पुढे पैसे देता आले नाहीत, तर ते करारभंग. पुरवठादाराने स्वतःच फिर्यादीत ‘तीन वर्षांचा व्यवहार होता, या मालापैकी सात लाख मिळाले, बाकी पाच लाख येणे आहे’ एवढेच लिहिले असेल, तर ती फिर्याद वसुलीचे साधन ठरते आणि रद्द होण्यास जागा राहते. पण बंद पडलेल्या पेढीच्या नावाने सूत घेतले, त्याच आठवड्यात खरेदीदराखाली विकले आणि गाळ्याला कुलूप लावले, असा आरोप असेल, तर न्यायालय तपासाच्या आड येत नाही. मग दिवाणी दावा चालू असला तरी फौजदारी खटलाही चालू शकतो.

तपास सुरू असताना तर हात अधिकच आखडता घेतला जातो. निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात फसवणूक व बनावट कागदपत्रांचा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींविरुद्ध ‘सक्तीची कारवाई करू नये’ असा अंतरिम आदेश दिला होता. 13 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. असे आदेश सरसकट देऊ नयेत, द्यावयाचे तर थोडक्यात का होईना, कारणे नोंदवावीत. अटकेची भीती असल्यास अटकपूर्व जामिनाचा मार्ग खुला आहे, असे त्या निर्णयाने बजावले.

एक वेगळी वाट समेटाची आहे. ज्ञान सिंग प्रकरणातील 2012 च्या निर्णयानुसार मुख्यतः व्यापारी, आर्थिक किंवा कौटुंबिक स्वरूपाचा वाद पूर्णपणे मिटला असेल, तर कायद्याने तडजोडीस अपात्र असलेला गुन्हाही उच्च न्यायालय रद्द करू शकते. खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. समेट मनापासून झाला आहे काय, हे न्यायालय पाहते. पाच लाखांची बाकी चुकती झाली आणि पुरवठादाराने स्वखुशीने प्रतिज्ञापत्र दिले, तर ही वाट मोकळी होते. पैसे देण्याचे नुसते आश्वासन मात्र त्यासाठी पुरत नाही.